तोटीतून आधी बाहेर येतं ते

मुलीला पाहायला येणाऱ्या मंडळींना लस्सी द्यायची, हे मी ठरवलं. वाशीमच्या बाजारात घासाघीस करून मी पितळेचा एक मोठा जग निम्म्या किमतीत आणला होता. उंच, अरुंद गळ्याचा, वर तोटी असलेला. तो चारचौघांत मिरवायचा होता.

सकाळी एका ग्लासात करून पाहिली. अर्धा ग्लास दही, पाव ग्लास आमरस, दोन चमचे साखर, उरलेल्या जागेत बर्फ. चमच्यानं ढवळली, झकास झाली. माणसं बारा. म्हणजे सहा ग्लास दही, तीन ग्लास रस, चोवीस चमचे साखर आणि तीन ग्लास बर्फ. भाव करून जन्म गेला माझा. बाराचा पाढा मला कोण शिकवणार?

बायको म्हणाली, "साखर आधी दह्यात घुसळून घ्या, मंग बर्फ. गार झाल्यावर साखर विरघळत नाही. अन् जगात रवी जाते काय? रुंद तोंडाच्या गंजात करा."

"गंज काय पाहुण्यासमोर नेऊ? तुले काय समजते," मी ओरडलो. सगळं थेट जगात ओतलं, साखर सगळ्यात शेवटी, आणि जग दोनदा हलवला.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, त्या दिवशी हजर होता. कचेरीसमोरच्या ज्या दुकानासाठी मी महिनाभर घासाघीस करत होतो, ते त्यानं एका दिवसात घेतलं होतं. सहा वर्षं मी त्याच्याशी नीट बोललो नव्हतो. म्हणून मुद्दाम पहिला ग्लास मुलाच्या वडिलांना दिला आणि त्याला सगळ्यांच्या शेवटी.

मुलाच्या वडिलांनी घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "दही आंबट हाय जी."

पुढचे ग्लासही तसेच, पाणचट आणि आंबट. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. सोयरीक हातातून चालली, हे मला दिसत होतं. 

तेवढ्यात मेहुण्यानं जग उपडा करून आपला ग्लास भरला. रबडीसारखा दाट रस आणि बुडाची सगळी साखर त्याच्या वाट्याला. त्यानं तो ग्लास उचलून मुलाच्या वडिलांपुढे ठेवला.

"भाऊ, हे घ्या," माझ्याकडे, बहिणीच्या नवऱ्याकडे, बोट करून तो म्हणाला. " आमच्या भाटव्यायचं असंच हाय. वरून आंबट, गोड सारं तळाशी बसलेलं. पोरगी मात्र मायवर गेली."

मुलाचे वडील हसले. ग्लास संपवून मिशी पुसली आणि म्हणाले, "मंग तारीख काढा."

लग्न थाटात झालं. दुकानाचा राग मी अजून सोडलेला नाही. त्यात आता हा एक ग्लास वाढला. जग विकायला काढला, तर पाव किमतीलाही कोणी घेईना.