एक रेघ जास्त

मोजणीच्या तिसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीने माझ्या हातातला कागद ओढून घेतला आणि म्हणाली, "ताई, आजही तुझी एक रेघ जास्त."

आम्ही दोघी मिळून कॅफे काढणार होतो. तिचा केटरिंगमध्ये हात बसलेला, आणि मला शाळेतून निवृत्त झाल्यापासून घर खायला उठत होतं. गाळा तिनेच शोधला, मुंबई नाक्याच्या पुढे, आतल्या रस्त्याला. मालक शनिवारपर्यंत थांबायला तयार होता. तोवर कॅफे कोणासाठी आणि कसला हे ठरवायचं होतं, कारण किचन, टेबलं, मेनू, सगळं त्यावरच बेतायचं. बहिणीच्या मनात कॉलेजची पोरं होती, कोल्ड कॉफी, भिंतीवर रंगीत दिवे. पण ती बाई अंदाजाने आमटीत मीठसुद्धा घालत नाही. म्हणाली, आधी मोजू.

गाळ्याच्या समोरच एका हॉस्पिटलचं मागचं गेट आहे. दोन वर्षांपूर्वी आमचे हे तिथे एकोणीस दिवस होते, आणि तिथेच गेले. बहिणीने मला दोनदा विचारलं होतं, "तुला चालेल ना?" "न चालायला काय झालं?" असं मी म्हटलं. इतकं सफाईदार खोटं मी शाळा तपासणीच्या वेळीही बोलले नव्हते.

विजेच्या खांबापासून गाळ्याच्या पायरीपर्यंत तिने फुटपाथवर खडूने रेष मारली. जो रेष ओलांडेल तो मोजायचा, येणारा आणि जाणारा दोन्ही. दर तासाला पंधरा मिनिटं मोजायचं आणि त्याची चौपट करायची. कॉलेजची पोरं, नोकरदार, घरच्या बायका, वयस्कर असे चार रकाने. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. एकीची चूक दुसरीला कळावी म्हणून दोघींनी एकाच वेळी वेगवेगळ्या कागदांवर मोजायचं. सकाळचे, दुपारचे सगळे आकडे जुळायचे. फक्त सव्वातीनच्या पाळीला माझी एक रेघ जास्त निघायची. बहीण ती खोडायची.

मला त्या रेघेची भीती वाटू लागली होती, हे आता कबूल करते. ती कधी मारली ते मला आठवत नव्हतं. हात आपोआप चालायचा. चार वाजता भेटायची वेळ सुरू व्हायची, आणि त्याआधीच्या त्या पाऊण तासात माझी नजर गेटकडे वळायची, दोन वर्षांपूर्वी वळायची तशी. तेव्हा पंचवटीतून बस पकडून मी नेहमी लवकर पोहोचायची. आत बसू द्यायचे नाहीत. मग समोरच्या बंद शटरच्या सावलीत, डब्याची पिशवी पोटाशी धरून, गेटकडे बघत उभी राहायची. ते शटर याच गाळ्याचं होतं. बहिणीला हे मी सांगितलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी सव्वातीनला बहीण म्हणाली, "आज मारशील तेव्हा बोटाने दाखव." थोड्या वेळाने माझी पेन्सिल चालली आणि मी बोट केलं.

शटरला टेकून एक बाई उभी होती. चाळिशीची, डोक्यावरून पदर, हातात डब्याची पिशवी. नजर गेटवर.

"ती चालतेय कुठे?" बहीण म्हणाली. "रेष तरी ओलांडली का तिने? आली तेव्हापासून अलीकडेच आहे. तिला कशी मोजतेस?"

मी खाली पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं, शटरचं, सावलीचं, आणि शेवटच्या दिवसाचंही. त्या दिवशी पाय भरून आले म्हणून मी चहा शोधत निघाले होते. जवळ टेकायला काहीच नव्हतं, म्हणून पार द्वारका चौकापर्यंत गेले. परत आले तेव्हा यांना जाऊन वीस मिनिटं झाली होती. नर्सने मला फोन केला होता, पण रिंग रहदारीत ऐकूच आली नाही.

बहीण माझ्या शेजारी पायरीवर टेकली. मग तिच्या स्वभावाप्रमाणे सरळच बोलली. "ताई, वाईट वाटतंय मला. पण तू दुकान काढतेयस की श्राद्ध घालतेयस?"

मला राग आला आणि तिचं पटलंही. मी म्हटलं, "बरोबर आहे. मग उभे राहणारेही मोजू. एकच बाई निघाली तर तुझी कोल्ड कॉफी."

त्या संध्याकाळी आम्ही जवळपासच्या तीन कॅफेंची पाहणी केली. आधीच्या दोन संध्याकाळीही गेलो होतो, पण आज मी डब्याची पिशवी घेऊन गेले. पहिल्या ठिकाणी चार पोरं दीड तास दोन कोल्ड कॉफींवर बसली होती. दुसऱ्या ठिकाणी निम्मी टेबलं रिकामी, आणि मेनू पहिल्याचीच नक्कल. तिसरा कॅफे जिना चढून वर. तिथल्या मुलाने माझ्या पिशवीकडे बघून भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं: बाहेरचे पदार्थ आणू नयेत. बहिणीने वहीत लिहिलं, "तिघांचं गिऱ्हाईक एकच. चौथ्याला काय उरणार?" खाली आल्यावर तिने दाराशी लागलेल्या स्कूटी पाहिल्या. "पोरं आपल्या रस्त्यावरून जातात खरी," ती म्हणाली, "पण थांबत नाहीत."

शुक्रवारी आम्ही पाचवा रकाना आखला. त्यात रेष ओलांडो न ओलांडो, पाच मिनिटांपेक्षा जास्त उभे राहिलेले. एकाच माणसाच्या दोन रेघा होऊ नयेत म्हणून कपड्यांची खूण शेजारी लिहिली. सव्वातीनच्या पाळीत चौदा माणसं. सकाळी साडेसातला, डॉक्टरांच्या राउंडआधी, अकरा. त्यातल्या कोणालाही बसायला जागा नव्हती.

ती बाई आलीच होती. बहीणच तिच्याकडे गेली. "मावशी, इथं चहाचं दुकान निघालं तर याल का?"

"येईन की," ती म्हणाली. "आमी सायखेड्याचे. आमचं मालक आत हायेत, बारा दिस झाले. चहा मिळंल, पण बसू देत्याल का? आन् आत बोलावलं तर समजंल का मला?"

बहिणीने तिचं बोलणं होतं तसं वहीत उतरवलं. परत येऊन मान वर न करता म्हणाली, "पाठ असलेल्या खुर्च्या. सकाळी सात ते रात्री नऊ. चहा, मऊ खिचडी, गरम पाणी. स्वतःचा डबा उघडायची मुभा. मोबाइल चार्जिंग. काचेतून गेट दिसलं पाहिजे." मला रडू येत होतं.

शनिवारी मालकाला उत्तर द्यायचं होतं. तरी सव्वातीनची पाळी आम्ही मोजली. पंधरा मिनिटं झाली आणि दोघींनी कागद शेजारी ठेवले. चारही रकाने जुळले, आणि पाचव्यातही दोघींच्या तेरा तेराच रेघा. इतक्या दिवसांत सव्वातीनला पहिल्यांदाच आमची मोजणी जुळली होती.

शटरपाशी कोणी नव्हतं.

"तिच्या नवऱ्याला सुट्टी मिळाली असेल," बहीण म्हणाली.

"असेल," मी म्हटलं. आम्ही दोघी गेटकडे बघत राहिलो. चार वाजले, गेट उघडलं, माणसं आत गेली. ती आली नाही.

बहिणीने मालकाला फोन लावला. "घेतोय आम्ही गाळा," एवढंच म्हणाली. मग फोन खांद्याने कानाशी धरून, इतके दिवस माझी रेघ खोडणाऱ्या त्या बाईने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि पाचव्या रकान्यात स्वतःच एक रेघ जास्त मारली.