वाट अडवणारं तेल

गुजरातेतल्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत सुगंधी तेल काढणारा एक छोटा कारखाना आहे. माझे वडील तिथे भांड्यावर होते आणि मी सेपरेटरवर. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. त्यांनी आयुष्यातली बरीच वर्षं लिंबायत भागातल्या पावरलूमवर काढली. पुढे त्या खडखडाटाने कान अधू झाले, तेव्हा लूम सोडून ते इकडे आले. बारावीनंतर मीही त्यांच्या मागोमाग आले. सकाळी आम्ही दोघं एकाच शेअर रिक्षात बसायचो. रस्ताभर नाना फार बोलत नसत. बोलले तरी ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलत, आणि सगळी रिक्षा ऐकायची.

कारखाना एका गुजराती बाईंचा. नवरा गेल्यावर त्यांनी तो विकला नाही, स्वतः चालवायला घेतला. आम्ही सगळे त्यांना बेन म्हणायचो. शेडमध्ये उंच स्टीलचं भांडं, त्याला बॉयलरची वाफ खालून. भांड्यात जाळीवर माल भरायचा, झाकण क्लॅम्पने आवळायचं आणि वाफ सोडायची. ती मालातून वर चढते आणि चढताना त्यातलं तेल वाफेच्या रूपाने सोबत घेते. मग वाकड्या नळीतून ती कंडेन्सरमध्ये उतरते. तिथे नळीच्या वेटोळ्याभोवती थंड पाणी फिरत असतं. वाफेचं पुन्हा पाणी होतं, तेलाचं तेल, आणि दोन्ही मिसळून खालच्या तोंडातून माझ्या सेपरेटरमध्ये पडतात.

माझं काम तिथून सुरू व्हायचं. तेल पाण्याहून हलकं, ते वर येतं. सेपरेटरच्या गळ्याशी काच आहे, तिच्यातून थर दिसतो. पाणी तळातून बाक घेतलेल्या नळीने बाहेर जात राहतं आणि तेल वर साठत राहतं. थर भरला की वरची तोटी उघडून ते खाली तोटी असलेल्या काचेच्या मोठ्या नरसाळ्यात घ्यायचं, स्थिर ठेवायचं, राहिलेलं पाणी खाली बसलं की काढून टाकायचं. शेवटी सोडियम सल्फेटची भुकटी घालायची. ती उरलीसुरली ओल शोषते आणि गढूळ तेल आरशासारखं नितळ होतं. हे बघायला मला फार आवडायचं.

आम्ही बहुतेक गवती चहाचं तेल काढायचो. उन्हाळ्यात कंडेन्सरला येणारं पाणीच इतकं कोमट असायचं की वाफ पुरती थंड होत नसे. खालच्या तोंडातून धूर निघायचा, शेडभर वास पसरायचा. बेन म्हणायच्या, "हा वास म्हणजे आपलं तेलच उडतंय." म्हणून त्यांनी पाणी गार करणारं चिलर यंत्र बसवलं. त्या उन्हाळ्यात धूर बंद झाला आणि तेल वाढलं. सगळ्यांना वाटलं, पाणी जितकं गार तितकं चांगलं. नानांनाही तसंच वाटलं, मलाही.

जानेवारीत चक्रफुलाचं काम आलं. बिर्याणीत टाकतात ते. बडीशेपेसारखाच वास, पण जास्त गोड आणि जड. आम्ही ते पहिल्यांदाच काढत होतो. फुलं भरड करून भरली. सकाळी वाफ सोडली. थोड्या वेळाने दुधासारखं पांढुरकं पाणी पडू लागलं. काचेत तेलाचा थर दिसायला लागला. बेन येऊन वाकून बघून गेल्या, खूश होत्या.

मग ओघ बारीक झाला. आधी पेन्सिलीएवढी धार होती, तिचा दोरा झाला. मी नानांना खूण केली. त्यांनी बॉयलरकडे बघितलं, वाफ कमी पडतेय असं त्यांना वाटलं असावं, आणि व्हॉल्व अजून उघडला. दोरा तुटून थेंब पडायला लागले. मग थेंबही थांबले.

"नाना, काहीच येत नाहीये," मी ओरडले.

ते ऐकायला पुढे आले. तेवढ्यात भांड्याच्या झाकणाच्या कडेने बारीक फुसफुस सुरू झाली. त्यांना ती ऐकू येण्यासारखी नव्हती, पण वाफेचा पांढरा पट्टा त्यांनी पाहिला. क्लॅम्प ढिला झालाय असं समजून ते पान्हा घेऊन शिडीने वर चढले. त्या भांड्याला सेफ्टी व्हॉल्व नव्हता. कंडेन्सरचं तोंड कायम उघडंच असतं, मग त्यात दाब कशाला साठेल, असा सगळ्यांचा हिशेब. खालून वाफ येतच होती आणि पुढे वाट बंद झाली होती, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

नंतरचा आवाज मी आजही नीट सांगू शकत नाही. स्फोट नव्हता. गादी फाडावी तसा काहीतरी फाटल्याचा, आणि लगेच शिट्टीसारखा. झाकणाखालचं रबर एका बाजूने बाहेर आलं होतं. सगळी शेड पांढरी झाली. शिडी दिसेना, नाना दिसेनात.

आणि वास. लग्नात जेवण झाल्यावर हातावर ठेवतात त्या बडीशेपेचा गोड वास. मी त्या गोड वासात उभी होते आणि माझे वडील जिवंत आहेत की नाहीत ते मला माहीत नव्हतं. वाफेचा व्हॉल्व मीच बंद केला असं बेन सांगतात. मला ते आठवत नाही. चाकाचा चटका तळव्याला बसल्याचं आठवतं, तेवढंच.

आवाज हळूहळू बसला. पांढऱ्यातून नाना खाली आले. एकेक पायरी जपून, नेहमी उतरतात तसे. डावा हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. रबर पलीकडच्या बाजूने फाटलं म्हणून ते वाचले. वाफेचा फटका फक्त हाताला आणि मानेला लागला होता.

"नाना, काय व्हयनं?" मी विचारलं. कारखान्यात आम्ही घरची अहिराणी बोलायचो नाही, पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

"काही नई व्हयनं," ते म्हणाले आणि जमिनीवर बसले.

शेजारच्या कापड रंगवणाऱ्या डाइंगमधले लोक धावत आले. कोणी टूथपेस्ट लावा म्हणत होतं, कोणी हळद. बेननी सगळ्यांना बाजूला केलं, नानांना नळापाशी बसवलं आणि नळीने हातावर, मानेवर पाणी सोडलं. कितीतरी वेळ त्या स्वतः नळी धरून उभ्या होत्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. "पाणी बंध नहीं करवानुं," एवढंच त्या म्हणत होत्या. मग ओलं स्वच्छ कापड टाकून त्यांच्याच गाडीतून नानांना दवाखान्यात नेलं. मी मागच्या सीटवर. नाना खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या कपड्यांना तोच वास येत होता; मी माझ्या बाजूची काच खाली केली.

माय दवाखान्यात आली. तिने हाताचं बँडेज बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिच्या त्या नजरेने मला वाफेपेक्षा जास्त भाजलं.

दोन दिवसांनी बेननी मला बोलावलं. मला जायचं नव्हतं, पण काय झालं ते कळल्याशिवाय झोपही लागत नव्हती. शेड थंड, भांडं तसंच, झाकण वाकडं. चिलर अजून चालूच होता. त्या गडबडीत तो बंद करायचं कोणालाच सुचलं नव्हतं. बेननी कंडेन्सरच्या खालच्या तोंडाचे बोल्ट काढले होते. आत टॉर्च मारला आणि त्या मागे सरकल्या.

नळी पांढऱ्या कशाने तरी गच्च भरली होती. थंडीत गोठलेल्या खोबरेल तेलासारखं, पण चकचकीत, सुयासुयांचं. बेन म्हणाल्या, "हे काय, ग्रीस शिरलं की काय?"

मी बोटाने थोडं खरवडलं. तळहातावर घेतलं. काही क्षणांत त्याच्या कडा ओल्या झाल्या, मग सगळंच वितळून पिवळसर थेंब झाला. वास घ्यायची गरजच नव्हती, तरी घेतला.

"बेन, हे तेलच आहे."

त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या नाकाशी नेला. बराच वेळ धरून ठेवला. त्यांचा चेहरा उतरत गेला. आम्ही दोघी तिथेच खाली बसलो. गवती चहाचं तेल चिलरने कितीही गार केलं तरी वाहतं. चक्रफुलाच्या तेलात जो मुख्य घटक असतो, तो खोलीतल्या उबेत पातळ असतो आणि थोड्याशा गारव्याने गोठतो. चिलरच्या पाण्याने आम्ही त्याला वेटोळ्यातच गोठवलं होतं. थर थरावर बसत गेला. जे तेल काढायला आम्ही वाफ सोडली, त्यानेच वाफेची वाट बंद केली आणि वर चढलेल्या माझ्या वडिलांच्या अंगावर ती उलटवली. एवढं कळल्यावर मला राग यायला हवा होता. आला नाही.

बेननी चिलर बंद केला. कंडेन्सरमध्ये कोमट पाणी फिरवायला सुरुवात केली. मी खाली बादली धरली. आधी काहीच नाही. मग नळीत काहीतरी सुटल्यासारखं झालं, पांढरा गोळा सरकला आणि त्याच्यामागून तेल वाहू लागलं. बादलीत पडताना त्यात पांढरे तुकडे तरंगत होते, मग तेही दिसेनासे झाले. बेन रडत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर भांड्याला सेफ्टी व्हॉल्व बसला. कंडेन्सरच्या तोंडाशी थर्मामीटर आला. चक्रफूल असलं की पाणी कोमट ठेवायचं आणि ओघ बारीक झाला तर आधी वाफ बंद करायची, हे बेननी भिंतीवर गुजराती आणि मराठी दोन्हींत लिहून घेतलं. नानांच्या दवाखान्याचं सगळं त्यांनीच बघितलं.

नानांचा हात बरा झाला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुलाबी, गुळगुळीत राहिली. तिथे आता केस येत नाहीत. कामावर जाऊ नका असं मी म्हणाले, मायनेही सांगितलं. ते ऐकू आलं नाही असं दाखवत राहिले. एक दिवस सकाळी रिक्षात माझ्याशेजारी येऊन बसले.

त्या दिवशी गवती चहा होता. नानांनी व्हॉल्वच्या चाकावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. फिरेना. मी सेपरेटरपाशी उभी राहून बघत होते. बेन ऑफिसातून बाहेर आल्या, त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून चाक फिरवलं. वाफ चढली. नाना मागे सरले आणि कंडेन्सरच्या खालच्या तोंडाकडे बघत राहिले. पहिला थेंब पडेपर्यंत त्यांनी डोळ्याची पापणी हलवली नसेल. धार सुरू झाली, तरी ते तिथेच उभे. जेवायच्या सुट्टीलाही डबा तिथेच आणून खाल्ला.