दाखल्याविना कावीळ

मनिषा मॅडम मूळच्या घाटनांदूरच्या. एम.टेक. झाल्यावर त्यांनी एकच नोकरी केली, बीडबाहेरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात, तीही करारावर. सत्र संपलं की करार संपायचा. नवीन सत्राचं पत्र हातात पडेपर्यंत त्या नोकरीत आहेत की नाहीत, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला त्या फ्लुइड मेकॅनिक्स शिकवायच्या. पाण्याचा दाब शिकवताना फळ्यावर माजलगाव धरणाचा दरवाजा काढायच्या आणि विचारायच्या, "सांगा, पाण्याचा धक्का दरवाजाच्या मध्यावर बसतो का?" पोरं "हो" म्हणायची. मॅडम खडू मध्याच्या खाली टेकवायच्या. "इथं. खोल जाल तसा दाब वाढतो. म्हणून धक्का मध्याच्या खाली बसतो."

त्यांचा एक नियम होता. डॉक्टरच्या दाखल्याशिवाय असाइनमेंटला मुदत नाही. या नियमालाही पोरांनी वाट काढली होती. आदल्या सत्रात अर्ध्या वर्गाला एकाच आठवड्यात टायफॉईड झाला होता, आणि सगळे दाखले स्टँडमागच्या एकाच डॉक्टरचे होते.

मंगळवारी वर्गातला धर्मराज स्टाफरूमच्या दारात आला. हातात घडी केलेला कागद.

"मॅडम, सत्यमचा अर्ज हाय. तो गावाकडं हाय, उमापूरला. लई आजारी हाय."

"तुझ्यासारखाच आजारी का?"

धर्मराज ओशाळून हसला. आदल्या सत्रातल्या टायफॉईडवाल्यांत तोही होता. "न्हाई मॅडम. ह्यो खरा हाय."

अर्जावर ऑफिसचा आवक शिक्का पडलेला होता. पोरं अर्ज इंग्रजीत लिहितात, एकमेकांचा उतरवून. हा मराठीत होता.

"मा. मॅडम यांस सविनय नमस्कार. विषय: फ्लुइड मेकॅनिक्सची असाइनमेंट देण्यास मुदत मिळणेबाबत. मला कावीळ झाली आहे. आई-वडील ऊसतोडीला कर्नाटकात गेले आहेत. चुलतीने मला गावातल्या माणसाकडून काविळीवरची माळ घालून घेतली आहे. माळ रोज लांबते, आता छातीपर्यंत आली आहे. डॉक्टरकडे गेलो नाही, म्हणून दाखला नाही. आपला नियम मला माहीत आहे. तरी पाच उदाहरणांपैकी दोन झाली आहेत. बसलं की चक्कर येते, म्हणून पडून लिहितो. आठ दिवस मिळाले तर पूर्ण करतो. आपला आज्ञाधारक, सत्यम."

मॅडमनी तो दोनदा वाचला. सत्यम तिसऱ्या बाकावरचा. गप्प असायचा. दरवाजाच्या प्रश्नाला वर्गात तो एकटाच "खाली" म्हणाला होता. त्याचे आधीचे दोन विषय राहिले होते. हा तिसरा राहिला तर वर्ष जाणार होतं. असाइनमेंट नाही म्हणजे अंतर्गत गुण नाहीत, आणि अंतर्गत गुण नाहीत म्हणजे लेखी परीक्षा कशीही गेली तरी विषय नापास. विद्यापीठाच्या पोर्टलवर गुण भरायची मुदत शनिवारी संध्याकाळी संपत होती.

अर्ज घेऊन त्या विभागप्रमुखांकडे गेल्या. सुंदरराव सर वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त फायली पूर्ण लागायच्या.

"दाखला कुठंय?"

"नाही, सर. माळ घातलीय त्याला."

"मग माळ लावू का फाईलला? तपासणीवाले आले की गळ्यात घालतो त्यांच्या." सर हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "मनिषा, नियम तुझाच आहे. एकाला सोडलंस की उद्या साठ माळा येतील. कुठलाही दाखला आण, मी सही करतो. मग गुण तू शनिवारी भर, असाइनमेंटचे कागद मागाहून लावू."

धर्मराज बाहेर थांबलाच होता. "मॅडम, स्टँडमागून आणू का? दहा मिनिटांचं काम. पण ते टायफॉईडच लिवतात."

"अर्जात कावीळ आहे. त्यावर शिक्का पडलाय."

"मग अर्ज नवा लिवायला सांगतो."

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. पण छातीवर माळ घेऊन पडल्या पडल्या खरं लिहिणाऱ्या पोराला, आता खोटं लिही, असं कसं सांगायचं? त्या म्हणाल्या, "नको. त्याला गाडीवर घाल आणि सरकारी दवाखान्यात ने. रक्त तपासा. कावीळ आहे ना? मग खरा दाखला मिळेल."

"चुलती न्हाई ऐकायची. माळ अर्ध्यात काढत न्हाईत म्हणती."

"माळ राहू दे गळ्यात. रक्त हातातून काढतात."

बुधवारी धर्मराजनं त्याला नेलं. दुपारी त्याचा फोन आला. "मॅडम, डॉक्टर म्हणले, इतके दिवस कुठं होता? डोळे बघूनच भरती केलं. सलाइन लावलंय."

"दाखला?"

"मागितला. ते म्हणले, रुग्ण घरी जाताना कार्ड मिळतं. आधी न्हाई."

"निदान रक्ताचा रिपोर्ट?"

"केसपेपरला लावलाय. फोटो काढू देत न्हाईत, सिस्टर ओरडली."

गुरुवारी सत्यमला पुढं अंबाजोगाईला हलवलं. केसपेपर त्याच्याबरोबर गेला. शुक्रवारी मॅडम पुन्हा सरांसमोर उभ्या राहिल्या. पोरगा भरती आहे, सर. मी जबाबदारी घेते, सर.

"तुझी जबाबदारी करारापुरती, डिसेंबरपर्यंत," सर म्हणाले. बोलून त्यांनाच कसंतरी वाटलं. त्यांनी मान खाली घातली आणि फाईलचा बंद सोडून पुन्हा बांधला.

शनिवारी संध्याकाळी मॅडमनी यादी भरली. सत्यमच्या नावापुढची चौकट रिकामी ठेवली, तर पोर्टल पुढं जाईना. त्यांनी शून्य टाकलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: गुण यशस्वीरीत्या सादर झाले.

पुढच्या बुधवारी धर्मराज परत आला. त्याच्याकडं पिवळट पानांचा गठ्ठा होता. एका कोपऱ्यावर सलाइनचा डाग. पाचही उदाहरणं होती. सुरुवातीची दोन घट्ट अक्षरात, उरलेली वाकडीतिकडी. सोबत घरी सोडल्याचं कार्ड होतं. त्यावर शिक्का होता, सही होती, कावीळ असं स्पष्ट लिहिलं होतं. दाखला आला होता.

मॅडम ते कार्ड घेऊन सरांकडे गेल्या. सरांनी ते उलटसुलट पाहिलं, विद्यापीठात फोन लावला, बराच वेळ "हो, हो" म्हणाले आणि ठेवला. "एकासाठी पोर्टल उघडत नाहीत."

स्टाफरूम रिकामी होती. मॅडमनी लाल पेन काढलं आणि बाकीच्यांची पानं तपासली होती तशीच ती तपासली. पाचवं उदाहरण दरवाजाचं होतं. दोन मीटर रुंद, तीन मीटर उंच, वरची कड पाण्याच्या पातळीत. जोर सुमारे अठ्ठ्याऐंशी किलोन्यूटन. धक्का पातळीपासून दोन मीटर खाली. बरोबर होतं. वीसपैकी सतरा.

त्यांनी फोन लावला. चुलतीनं सत्यमकडं दिला.

"मॅडम, पाचवं आलं का?"

"बरोबर आलं. सतरा दिलेत तुला." मग त्यांनी बाकीचं सांगितलं. शनिवार, पोर्टल, शून्य. मधे कुठं थांबल्या नाहीत.

पलीकडं कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"म्हंजे वर्ष गेलं."

"हो."

"आईला सांगू नका, मॅडम. ती काम टाकून येईल." "मग तपासलं कावून?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. शून्य पडल्यावर पानं का तपासली, हे त्याला खरंच समजत नव्हतं. न कळलेलं उदाहरण विचारावं तसं त्यानं विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत होता.