आंब्याच्या बुडाचा लेप

मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, फुकटात काही देतील यावर माझा कधीच विश्वास नव्हता. त्या वर्षी मात्र ते आपणहून बाबांना म्हणाले, तलावाखालची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, मला दे आणि माझा आंब्याच्या झाडाचा जमिनीचा तुकडा तू घे. आंबा मोहोराने लगडलेला होता. बाबा हरखून गेले. दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे जायचं ठरलंसुद्धा.

मी चंद्रपूरला बी. एस्सी. करत होते आणि वनस्पतिशास्त्राच्या पेपरच्या अभ्यासाला धानोऱ्याजवळच्या आमच्या गावी आले होते. पुस्तक घेऊन त्याच आंब्याखाली बसले, पण डोळे सारखे बुडाकडे जात होते. गुडघ्याच्या उंचीवर शेणमातीचा जाड पट्टा लिंपलेला होता. उदई, म्हणजे वाळवी, लागते म्हणून, असं मोठे बाबा म्हणाले होते. मग शेजारच्या मोहाच्या झाडाला का नाही लिंपलं? आणि इतका मोहोर नेमका यंदाच कसा?

दगडाने लेप खरवडला. आत वीतभर रुंदीची साल सबंध गोलाकार काढलेली होती. वरची कड चांगली फुगली होती, खालची तशीच सपाट. माझ्या पुस्तकात अगदी हेच चित्र होतं.

मी बाबांना ओढत आणलं. मागून मोठे बाबाही आले.

"पानं हिरवी हायेत ना बाई? मंग काऊन बोंबलून राह्यली?" मोठे बाबा म्हणाले.

"पानं हिरवीच राहणार," मी बाबांना म्हणाले. "पानांतून वाफ उडते ना, तिच्या ओढीनं मुळातलं पाणी क्षारांसकट वर चढते. ते लाकडातून चढते, अन् लाकूड शाबूत हाय. पण पानात तयार झालेली साखर सालीतून खाली उतरते. साल गेली, म्हणून ती वरच अडकली. म्हणून हा मोहोर. खाली मुळं उपाशी हायेत. त्यांच्यातली साठवण संपली की मुळं मरतात, मंग झाड वाळते."

बाबा बराच वेळ त्या उघड्या लाकडावर हात फिरवत राहिले.

"दादा, हे तुले माहीत होतं?"

मोठे बाबा तळहातावर तंबाखू मळत होते. "साल काढली त झाड मरते, हे सगळ्यायलेच माहीत हाय," ते म्हणाले. "लगेच मरत नाई, हे तुह्या पोरीनं सांगतलं. दिवाळीत ओसरीवर पाठ करून राह्यली होती."

बाबांनी बांधी दिली नाही. पेपरात साल काढलेल्या झाडाचाच प्रश्न आला आणि मी तो सोडून दुसरा लिहिला.

त्या दिवाळीत मोठे बाबा माझ्याजवळ येऊन बसले होते. झाड किती दिवस हिरवं राहते, असं त्यांनी दोनदा विचारलं होतं. मी किती खूश होऊन सांगितलं होतं. घरात माझ्या अभ्यासाबद्दल विचारणारे ते एकटेच होते.