मानेला कुणी विचारलंच नाही

समजा, तुमच्या हातात ओला स्पंज आहे. समोर तपकिरी, सोनेरी झाक असलेल्या कांतीची मुलगी बसली आहे आणि थोड्याच वेळात ती आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर बातम्या देणार आहे. फाउंडेशनची कुठली बाटली उचलाल?

वाहिनीच्या मेकअपकाकांना असले प्रश्न पडत नसत. त्यांची एक लाडकी बाटली होती, फिकट, गुलाबी झाकेची. "ही सगळ्यांना चालते," असं ते छातीठोकपणे सांगत. आजवर चाललीही होती, कारण बातम्या देणाऱ्या बायका आजवर त्या बाटलीच्या रंगाच्याच निवडल्या जात.

काकांनी तीच थापली. मुलगी कॅमेऱ्यासमोर बसली आणि चेहरा राख फासल्यासारखा दिसू लागला.

"हिला बरं नाहीये का?" निर्मात्यांनी विचारलं.

"लाइटचा दोष आहे," काका म्हणाले.

"लाइट कालचेच आहेत, काका. बाई तेवढ्या नव्या आहेत," लाइटवाला शिडीवरून म्हणाला.

"नीट करून आणा. नाही जमलं तर आजच्या बातम्या जुन्या बाई देतील," निर्माते म्हणाले. मुलीने मांडीवरचे कागद घट्ट धरले.

चेहरा पुसून काकांनी आता शास्त्रशुद्ध काम आरंभलं. तिच्या हाताच्या पाठीवर थेंब टाकून रंग जुळवला. 'उबदार तपकिरी' असं छापलेली बाटली हाताला तंतोतंत बसली. चेहऱ्यावर मात्र ती सुकता सुकता आणखी गडद झाली आणि मुलगी गाजराची सख्खी बहीण शोभू लागली.

"काका, रागावू नका हं," ती म्हणाली, "पण मी रोज स्कूटर चालवते. ऊन हातांना लागतं. तोंडावर हेल्मेट असतं."

काकांनी तिच्या मानेकडे पाहिलं. इतकी वर्षं माना समोर होत्या, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

जिन्यातल्या खिडकीपाशी उजेड होता. तिथे जबड्यापासून मानेपर्यंत काकांनी रेघा ओढल्या. गुलाबी रेघ धुळीसारखी वर बसली, नारिंगी ओरडायला लागली. मग त्यांनी जुन्या नाटकाच्या रंगपेटीतला, तिच्याच कांतीइतका गडद तपकिरी घेतला, त्यात पिवळ्याचे थेंब मिसळले, रेघ ओढली आणि सुकेपर्यंत थांबले. मग चष्मा लावून शोधू लागले.

"पुसलीस का गं?"

"नाही, काका."

बातम्या तिनेच दिल्या. चेहरा आणि मान एकाच बाईची वाटत होती. निर्मात्यांनी शिडीकडे पाहून मान डोलावली. "आज लाइट झकास."

काकांनी तो अपमान गिळला. खोलीत येऊन त्यांनी ती छापील 'उबदार तपकिरी' उजेडात धरली. दुकानात तपकिरी म्हणून हीच एक मिळते, फिकट रंगांची मात्र अख्खी रांग असते.

हिला 'तपकिरी' नाव देण्याआधी बाटली बनवणाऱ्यांनी ती नेमकी कोणाच्या मानेवर लावून पाहिली होती?