पाचव्या तुळईचा काटा

पूल वजन पेलेल की नाही, हे सांगणं बाईंचं काम. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हो व्हायचं नाही. ऑफिसात पाठीमागे त्यांना ‘नकारघंटा’ म्हणत आणि बाईंना ते ठाऊक होतं.

नदीवरचा हा पूल मात्र त्यांच्या जिव्हारी लागलेला. तीन वर्षांपासून त्यावरून फक्त पायी आणि दुचाकी. पलीकडच्या काठावर बाईंची आई. तिचं खुब्याचं हाड मोडल्यापासून चालणं सुटलं, दुचाकीवर बसणं तर लांबच. वळशाच्या रस्त्याने गाडीत तासन् तास बसवत नाही. बस सुरू झाली तरच ती लेकीचं घर बघणार. बाईंनी स्वतः बांधलेलं घर, आणि आईने अजून उंबरासुद्धा ओलांडलेला नाही! रविवारी बाई चालत पूल ओलांडायच्या, आईजवळ बसायच्या. निघताना आई विचारायची, “खिडकीतून काय दिसतं गं तुझ्या?”

आज चाचणी होती. शेजारी शेजारी पाच लांब तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया आणि वर रस्ता. आडव्या तुळया धड असतील तर कडेला उभ्या ट्रकचं ओझं पाचही जणी वाटून घेतात. कडेची सर्वांत जास्त दबते, पलीकडची तर किंचित वर उचलली जाते. बाईंनी प्रत्येक तुळईखाली काट्याचं मापक लावलं होतं. पाचवीचा काटा उलटा फिरावा, एवढंच त्या मनात घोकत होत्या.

अर्धंच वजन भरलेला ट्रक पहिल्या तुळईच्या कडेला उभा राहिला. पहिला काटा भरभर फिरला, दुसरा थोडा, तिसरा नावापुरता. चौथा आणि पाचवा ढिम्म.

ठेकेदाराने टाळी वाजवली. “बघा बाई, त्या बाजूला ढिम्म! पूल मजबूत आहे.”

“तेच तर वाईट,” बाई म्हणाल्या. “शेजारणीवर ओझं पडलंय आणि हिला खबरच नाही. आडव्या तुळया तुटल्यात. अर्ध्या वजनातच पहिली हद्दीला पोचलीय. ट्रक मागे घ्या.”

“अजून थोडं भरून बघू की.”

“नको. मागे.”

ट्रक हटला तेव्हा काटे मागे आले, पण पहिला पूर्ण आला नाही; तुळई वाकलेलीच राहिली होती. बाईंनी मोजमाप पुन्हा तपासलं. तेच. त्यांना रडू येत होतं. दुसऱ्या कुणाचा पूल असता तर किती सोपं होतं!

संध्याकाळी त्या चालत पलीकडे गेल्या. आई दारात खुर्ची टाकून बसलेली.

“काय झालं गं? बस कधीपासून?”

“नाही आई. आडव्या तुळया नव्या बसवाव्या लागतील. वर्ष तरी जाईल. मीच नाही म्हणाले.”

 आईने लेकीचा हात धरला.

“तू म्हणालीस ना, मग बस नकोच,” ती म्हणाली. “पण वर्षभर मी असेन का गं?”

बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि आपल्या घराच्या खिडकीतून काय काय दिसतं, ते सांगायला लागल्या.