सत्यशीलाबाई रेघ सोडत नाहीत

सत्यशीला तायडे बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या. यवतमाळ ते उमरखेड, आर्णीवरून. गाडीत चढल्यावर 'लेडीज कंडक्टर हाये' म्हणून हसणारे लोक पहिल्या वर्षी भेटले, दहाव्या वर्षी भेटले आणि शेवटच्या वर्षीही भेटले.  बाई तिकीट फाडून त्यांच्या हातात ठेवत आणि म्हणत, "मांगं सरका."

गुडघ्याने दगा दिला तेव्हा त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. डॉक्टर म्हणाले, जिने टाळा, आराम करा. महिनाभर आराम करून बाईंचं डोकं भणाणलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र मांडीला बळ येईल असे व्यायाम शिकवले आणि सांगितलं, सोसेल तेवढं खेळा.

त्या सालात कापसाचा भाव पडला होता. लोकांनी कापूस घरात, पडवीत, जागा मिळेल तिथे भरून ठेवला होता. आर्णी रोडवरच्या रामलालच्या जिनिंग कारखान्यात दिवाळी झाली तरी यंत्रं बंदच. ज्या सिमेंटच्या ओट्यावर कापसाच्या गंज्या लागायच्या, तिथे रामलालने पिवळ्या रंगाने पिकलबॉलची, म्हणजे फळीसारख्या पॅडलने भोकाभोकांचा प्लास्टिकचा बॉल मारायच्या खेळाची, दोन कोर्टं आखून घेतली. एक नीट, एकसारखं. दुसरं भिंतीकडचं, सिमेंट उखडलेलं. तिथे जाळीऐवजी दोरीवर ताडपत्री टाकलेली.

खेळ शिकवायला होते धावजी राठोड. तांड्यावरच्या शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे मास्तर, मुलाकडे पुण्याला राहून हा खेळ शिकून आलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी रीत घालून दिली: आल्यावर आपलं पॅडल भिंतीशी रांगेत ठेवायचं. पहिली चार पॅडलं कोर्टावर, लागून असलेले दोघं जोडीदार. डाव संपला की चौघंही पुन्हा रांगेच्या शेवटी.

ही रीत पंधरा दिवस चालली. मग इंद्रजीत आला. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, वय पस्तीस, खांदा जबर. तो मागच्या रेषेवरून असा बॉल हाणायचा की समोरचा अंग चोरायचा. महिनाभरात त्याने ठरवून टाकलं की नीट कोर्ट 'जोरात खेळणाऱ्यांचं'. बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी भिंतीकडे खेळावं.

एका सकाळी सत्यशीलाबाईंनी रांगेत ठेवलेलं पॅडल त्याने उचलून भिंतीकडच्या कोर्टावर नेऊन ठेवलं.

"ताई, तुमचं ते टुकटुक इथी नोका खेळू. गेम थंडा होते."

बाई चालत गेल्या, पॅडल उचललं आणि परत रांगेत ठेवलं.

"रांग हाये ना? मंग रांगंनंच."

"लागलं-बिगलं तर मले नोका सांगू."

"तुले कायले सांगीन?"

त्या दिवशी खरंच लागलं. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला सगळे किचन म्हणतात. त्या पट्ट्यात पाय असताना बॉल अधांतरी मारायचा नाही. टप्पा पडला तरच आत जाऊन खेळायचं. म्हणून चांगला खेळाडू किचनच्या रेघेमागे, रेघेला लागून उभा राहतो. बाई तशाच उभ्या होत्या. इंद्रजीतचा बॉल आला, बाईंनी पॅडल मागे नेऊन जोरात फिरवलं, उशीर झाला, आणि बॉल गळ्याच्या हाडावर बसला.

"म्हनलं होतं," इंद्रजीत म्हणाला.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याचं होतं, दुसऱ्या कशाचं नव्हतं. लाल डाग आठवडाभर राहिला. उर्वशी, त्यांची सून, म्हणाली, "आई, कायले जाता तिथी?" बाईंनी भाकरी उलटवली. "तो नोका येऊ म्हन्ते म्हनून तं जाईनच."

लागलं त्याच दिवशी दुपारी त्या धावजींच्या घरी गेल्या होत्या.

"गुर्जी, त्याचा बॉल परत कसा मारू?"

"मारूच नोका," धावजी म्हणाले. "त्याचा जोर त्याच्यापाशीच राहू द्या. तुमी फक्त बॉल निजवा."

मग अंगणात शिकवणी सुरू झाली. पॅडल छातीपुढे, मागे न्यायचंच नाही. गुडघे थोडे वाकलेले. मूठ ढिली, कोंबडीचं पिल्लू धरल्यासारखी. बॉल आला की पॅडलचं तोंड जरा वर, पुढं ढकलायचं नाही, हाताने जोर पिऊन घ्यायचा. बॉल जाळी ओलांडून समोरच्याच्या किचनमध्ये मेल्यासारखा पडला पाहिजे.

"तिथी पडला की त्याले खालून उचलूनच मारा लागते. जोरात हानला तं जाळीत, नाई तं बाहेर. मंग तो बी टुकटुक करते. अन् टुकटुक कराले सबूर लागते ताई, थे त्याच्यापाशी नाई."

बाईंना हे पटायला वेळ लागला. बावीस वर्षं घट्ट धरून काढलेल्या हाताला ढिलं व्हायला सांगणं सोपं नव्हतं. बॉल उडायचा, वर जायचा, आणि धावजी म्हणायचे, "हा झाला त्याचा लाडू." वीस दिवसांनी दहातले पाच निजू लागले. मग सात.

मग एका रविवारी बाईंनी सर्वांआधी येऊन पॅडल ठेवलं. शेजारी धावजींचं. मग इंद्रजीत आणि त्याचा मित्र अतुल आले. इंद्रजीतने रांग पाहिली, बाईंकडे पाहिलं. बाई ओट्यावर मांडी ताणत उभ्या होत्या, पॅडलपासून दोन हातांवर. त्याने हात लावला नाही.

डाव अकरा गुणांचा, आणि गुण सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच. इंद्रजीतची बाजू आठला सातपर्यंत पोचली, मग दहाला आठ. सर्व्हिस इंद्रजीतची, त्या बाजूची दुसरी; हा बॉल गेला की सर्व्हिस समोर. बाईंनी ती खोल परतवली आणि सरळ किचनच्या रेघेला लागून उभ्या राहिल्या.

"मांगं सरका ताई," तो ओरडला आणि हाणला. थेट अंगावर.

बाई हलल्या नाहीत. पॅडल पोटापुढे उलट्या बाजूने आडवं, मूठ ढिली. टप् असा बारका आवाज झाला. बॉल जाळीवरून ओघळला आणि किचनमध्ये पडायला लागला. इंद्रजीत धावत आला, टप्प्यानंतर कसाबसा उचलला, मागे सरला. बाईंनी हळूच तिरपा, अतुलच्या पायाशी ठेवला. अतुलने ठेवला. बाईंनी ठेवला. पुन्हा अतुल.  सातव्या टुकटुकीला इंद्रजीतला राहवलं नाही. मध्ये घुसून त्याने जाळीच्या उंचीखालचा बॉल जोरात उचलला. तोही बाईंच्या छातीवर आला. पुन्हा टप्. या वेळी इंद्रजीत किचनमध्येच अडकला होता, वाकून उचलला तर बॉल उंच गेला, आणि धावजींनी तो दोघांच्या मधून खाली मारला.

"सर्व्हिस आमची," बाई म्हणाल्या.

पुढचा एक गुण त्यांना मिळाला. दहाला नऊ. मग सर्व्हिस परत गेली, आणि शेवटच्या बॉलला बाईंना वाटलं, आता हा बॉल आपलाच. मूठ आवळली. बॉल पॅडलवरून टण्णकन उडाला, वर गेला. इंद्रजीतने तो मारला. अकराला नऊ. हरले.

"चांगल्या खेळल्या," अतुल घाम पुसत म्हणाला आणि आपलं दुकान उघडायला निघून गेला.

 इंद्रजीतने आपलं पॅडल रांगेच्या शेवटी ठेवलं. बाईंनी आपलं त्याला लागून ठेवलं.

त्याने पाहिलं. "पुढच्या गेमले माह्या जोडीले तुमी?"

"रांगंनं आली." बाई पाणी प्यायल्या. "अन् एक सांगू काय? तू अंगावर हानतं तवा मांगं उभा राह्यतं. रेघेपाशी ये. हात ढिला ठेव."

"मले जमते सगळं."

"मंग ये ना."

दोन डाव ते ओट्याच्या कडेला शेजारी शेजारी बसले, मध्ये हातभर अंतर ठेवून. पाळी आली तेव्हा इंद्रजीत सवयीने मागच्या रेषेवर गेला. बाईंनी मान वळवून पाहिलं आणि पॅडलच्या टोकाने शेजारची रेघ दाखवली. तो आला. कुरकुरत, पण आला.